धबधब्याचं पाणी वाढतं कसं

आज धबधब्याविषयी बोलू. चेन्नईत राहणारी आपली मराठी मंडळी एक घोटाळा हमखास करतात. सह्याद्रीच्या सवयीने पावसाळा म्हणजे जून ते सप्टेंबर असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. चेन्नईचा मोठा पाऊस मात्र ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. तेव्हा शनिवार-रविवारी गाड्या निघतात त्या ताडा किंवा नागलापुरमकडे. ही दोन्ही ठिकाणं आंध्र प्रदेशात आहेत, त्यामुळे फक्त चेन्नईचा इशारा बघून निघालात तर अर्धीच माहिती घेऊन निघालात. हवामान खात्याचा त्या जिल्ह्याचा इशाराही बघा. तो नारिंगी किंवा लाल असेल तर बेत रद्द, त्यावर चर्चा नको.

आता मूळ प्रश्न. माणूस धबधब्याखाली उभा असतो, डोक्यावर ऊन असतं, आणि तरी पाणी वाढतं. कसं? आपण जिथे उभे असतो तिथल्या पावसाला फारसं महत्त्व नसतं. महत्त्व वरच्या डोंगरावरच्या पावसाला. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा लाख लिटर पाणी होतं. अर्ध्या तासात तीस मिलिमीटर कोसळला तर तीन कोटी लिटर. खडक आणि आधीच भिजलेली माती यातलं फारसं पिऊन घेत नाही. बहुतेक पाणी एका अरुंद ओढ्यातून खाली येतं, आणि तो ओढा नेमका तुमच्या पायाखालचा असतो.

17 मे 2024 ला तेनकाशीजवळच्या जुन्या कुट्रालम धबधब्यावर हेच झालं. लोक आंघोळ करत होते, अचानक लोंढा आला, पळापळ झाली आणि सतरा वर्षांचा एक मुलगा वाहून गेला. तारीख पुन्हा बघा: मे महिना. पावसाळा सुरू व्हायचा होता.

दुसरं उदाहरण तुम्ही मोबाईलवर पाहिलं असेल. 30 जून 2024, रविवार, लोणावळ्याच्या भुशी धरणामागचा धबधबा. एक कुटुंब प्रवाहाच्या मधल्या खडकावर उभं होतं. पाणी वाढलं तसे सगळे एकमेकांना धरून उभे राहिले, मग तोल गेला. पाच जण दगावले, त्यांत चार मुलं. काठावर माणसं होती, पण आत पोहोचायचा मार्ग नव्हता.

एकमेकांना धरून का भागलं नाही? वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. गुडघाभर पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने वाहत असेल, तर पायांवर साधारण आठ किलोच्या वजनाइतका रेटा येतो. वेग दुप्पट झाला की तोच बत्तीस-तेहतीस. शेवाळलेल्या खडकावर तेवढ्याने मोठा माणूसही घसरतो, आणि एक घसरला की हात धरलेले बाकीचेही ओढले जातात. लहान मुलाला तर पाणी कमरेपर्यंत असतं, आणि वजन कमी. म्हणून प्रवाहाच्या मधल्या खडकावर मुळात जायचंच नाही. फोटो चांगला येतो, हे खरं आहे.

ओळखायचं कसं? पोहोचल्याबरोबर पाण्याच्या कडेचा एक दगड हेरून ठेवा आणि दर दहा मिनिटांनी त्याच्याकडे बघा. तो बुडाला, स्वच्छ पाणी चहासारखं गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा येऊ लागला किंवा आवाज जड झाला, तर कपडे आणि पिशव्या तशाच टाका. मुलांना घेऊन बाजूच्या उंच जागी चढा. ओढ्याच्या पात्रातून खालच्या दिशेने पळू नका, लोंढा तिकडेच येणार असतो. गर्दीत हे आणखी अवघड होतं. परतीची वाट एकच आणि अरुंद असेल, तर शंभर माणसं एकदम वळली की चेंगराचेंगरी ठरलेली. म्हणून गर्दी दिसली की वाटेपासून दूर न जाता कडेला थांबा. जागा मिळत नसेल तर परत फिरा. फौजेत आम्ही कुठेही शिरण्याआधी बाहेर पडायची वाट बघत असू.

कोणी वाहू लागलंच, तर मागोमाग उडी मारू नका. बुडणाऱ्यांत वाचवायला गेलेलाही असतो. वीस मीटर दोरी गाडीत न ठेवता बरोबर ठेवा. वाहणाऱ्याच्या खालच्या अंगाला काठावर उभं राहून ती त्याच्यापुढे टाका आणि आपल्या कमरेला बांधू नका. वाहणाऱ्याने उताणं होऊन पाय पुढे, वाहत्या दिशेला ठेवायचे. मध्येच उभं राहायला जाऊ नये, खडकाच्या फटीत पाय अडकला की पाणी त्याला खाली दाबतं. आणि दोरी टाकत असतानाच दुसऱ्याने 112 लावायचा. पण या घळींत बरेचदा मोबाईलला रेंज नसते. तेव्हा कोण कुठे जाणार आणि किती वाजता परतणार, हे निघण्यापूर्वी घरच्यांना लिहून द्या.