होल्डचं पिवळं लेबल

अमेरिकेतल्या एका सहकारी दूधसंकलन केंद्रावर शेतकऱ्यांचं भांडण पेटलं होतं. केंद्र उतारावर होतं. टेकडीवरून खाली येणाऱ्या गाड्या म्हणत, आमचे कॅन आधी उतरवा. दरीतून चढ चढून येणारे म्हणत, आधी आमचे. प्रकरण संघ मोडण्याच्या बेताला आलं. शेवटी सुटलं ते फलाटाची जागा बदलून. दोन्ही बाजूंच्या गाड्यांना एकाच वेळी माल उतरवता येऊ लागला आणि 'आधी कोण' हा प्रश्नच उरला नाही.

ही हकिगत मेरी पार्कर फॉलेट या अभ्यासक बाईंनी 1925 मध्ये एका व्याख्यानात सांगितली. वाद मिटवायचे तीन मार्ग त्यांनी मांडले: एकाने दुसऱ्यावर मात करणं, दोघांनी थोडं थोडं सोडणं, आणि दोघांच्याही गरजा भागतील अशी नवी मांडणी शोधणं. पुढे 1974 मध्ये केनेथ थॉमस आणि राल्फ किलमन यांनी एक प्रश्नावली तयार केली. विधानांच्या 30 जोड्या, प्रत्येक जोडीतलं आपल्याला जास्त लागू पडणारं एक निवडायचं. आज कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांत ज्या पाच शैली शिकवतात, त्यांचा प्रसार या प्रश्नावलीमुळे झाला.

पाचही शैली दोन प्रश्नांवर उभ्या आहेत. स्वतःचं म्हणणं माणूस किती लावून धरतो? आणि समोरच्याचं काम व्हावं म्हणून किती झटतो? फक्त स्वतःचं लावून धरलं तर ते रेटणं. फक्त समोरच्याचं पाहिलं तर नमतं घेणं. दोन्ही नको असेल तर टाळणं. दोन्ही पुरेपूर हवं असेल तर सहकार्य, आणि दोन्ही अर्धं अर्धं चालणार असेल तर तडजोड.

प्रश्नावली भरून झाली की लोक 'मी तडजोडवाला' असा शिक्का स्वतःवर मारून घेतात. पण त्यातून कळते ती सवय. समोरच्या वादाला ती सवय लागू पडेलच असं नाही. शिवाय कामाच्या ठिकाणचा वाद सहसा एकसंध नसतो. त्यात तीन-चार वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले असतात आणि प्रत्येकाला वेगळी शैली लागते.

मोटारींचे सुटे भाग करणारा एक कारखाना डोळ्यांसमोर आणू. शुक्रवार, दुपारचे चार. 1200 ब्रॅकेटचा लॉट तयार आहे आणि ट्रक सात वाजता निघणार आहे. प्रत्येक ब्रॅकेटला चार भोकं. ड्रॉइंगप्रमाणे भोकाचा व्यास 10.00 ते 10.05 मिलिमीटरच्या आत हवा. क्वालिटीच्या इन्स्पेक्टरने 50 नग तपासले, त्यांतल्या पाचांत तो 10.07 भरला. तिने लॉटवर होल्डचं पिवळं लेबल लावलं. प्रॉडक्शनचा सुपरवायझर तावातावाने आला. "मॅडम, दोन शतांशाने काय आकाश कोसळतंय? उद्या सकाळी कस्टमरची लाइन थांबली तर उत्तर कोण देणार?" हे सगळं पाच-सहा कामगारांसमोर.

इन्स्पेक्टरने इथे नमतं घेतलं तर? नमतं घेणं चांगलं असतं, पण जे सोडायचं ते आपलं असावं लागतं. ड्रॉइंगवरची मर्यादा तिच्या मालकीची नाही. तडजोड म्हणून अर्धा लॉट पाठवावा, तर न तपासलेल्या अर्ध्या लॉटमध्येही तीच खोट असणार. आणि टाळावं तर सात वाजता ट्रक निघून जाईल. घड्याळ चालू असताना टाळणं हाही निर्णयच असतो, फक्त त्यावर कुणाची सही नसते.

म्हणून 'न तपासलेला माल जाणार नाही' एवढ्या एका मुद्द्यावर तिने रेटणंच योग्य. सुरक्षितता, कायदा किंवा ठरलेलं मोजमाप जिथे आड येतं, तिथे ठाम नकार हाच प्रामाणिक पवित्रा. तो शांत आवाजातही देता येतो.

मात्र तिथेच थांबली तर ती जिंकेल आणि ट्रक रिकामा जाईल. म्हणून पुढचा प्रश्न: सुपरवायझरला नेमकं काय हवंय? त्याची मागणी आहे 1200 नग पाठवण्याची. त्यामागची गरज आहे शनिवारी सकाळी कस्टमरची लाइन चालू राहण्याची. कस्टमरच्या स्टोअरला फोन केल्यावर कळतं, सकाळच्या शिफ्टला 400 नग पुरेत, उरलेले सोमवारी चालतील. मग मशीनवरच्या ऑपरेटरला विचारलं जातं. तो सांगतो की जेवणाच्या सुट्टीनंतर ड्रिल बदललं, ते धार लावून आणलेलं होतं. ड्रिलच्या दोन्ही धारा सारख्या घासलेल्या नसल्या की भोक मोठं पडतं. नापास झालेले पाचही नग सुट्टीनंतरच्या ट्रेमधले निघतात.

आता वादाचं रूप बदललं. सुट्टीआधीच्या ट्रेमधले 400 नग एकेक करून गो-नोगो प्लग गेजने तपासायचे. गेजचं 'गो' टोक भोकात गेलं पाहिजे, 'नोगो' टोक जाता कामा नये. चार भोकांना मिळून अर्धा मिनिट धरला तर 200 मिनिटं लागतात. दोन माणसं आणि दोन गेज असतील तर 100. साडेचारला सुरुवात केली तर सव्वासहाच्या सुमारास काम उरकतं. हे सहकार्य. त्याला वेळ लागतो आणि खरी माहिती उघड करावी लागते, म्हणून प्रत्येक किरकोळ कुरबुरीवर ते परवडत नाही.

तपासायला माणसं कुणाची द्यायची? यावर बैठक घेण्यात अर्थ नाही. एक प्रॉडक्शनचा, एक क्वालिटीचा. ही सरळ तडजोड, आणि इथे ती शोभते, कारण माणसं वाटता येतात. तपासणीचं टेबल आपल्या शेडमध्येच असावं असा सुपरवायझरचा हट्ट असेल, तर इन्स्पेक्टरने खुशाल नमतं घ्यावं. तिचं काही बिघडत नाही, त्याला मात्र सोयीचं पडतं. राहिला चारचौघांत चढलेला आवाज. तो विषय त्या संध्याकाळी टाळावा, पण सोमवारी चहाच्या वेळी दोघांनीच बोलायचं हे मनाशी ठरवून. दिवस न ठरवता टाळलेली गोष्ट पुढच्या भांडणात हमखास डोकं वर काढते.

शैली चुकली हे ओळखता येतं. दर वेळी मधला आकडा निघतो हे कळलं की लोक मागणीच दुप्पट करून आणतात. तिथे तडजोडीची सवय लागलेली असते. एकच माणूस सतत नमतं घेतो आणि एके दिवशी क्षुल्लक कारणावरून भडकतो. साहेबांच्या खोलीत 'हो सर' आणि बाहेर काम जुन्याच पद्धतीने चालू, हे टाळणं झालं. आणि 'सगळे मिळून ठरवू' म्हणत बैठक बोलावली, पण निर्णय आधीच झालेला असला, तर ते सहकार्याच्या नावाखाली रेटणं. दुसऱ्यांदा त्या बैठकीत कुणी तोंड उघडत नाही.

हुद्द्यातल्या फरकाचाही विचार करावा लागतो. कंत्राटी कामगाराला ठेकेदारासमोर पाचही वाटा सारख्या खुल्या नसतात. त्याचं गप्प राहणं ही शैली नसून नाइलाज असू शकतो. छळाची किंवा थकलेल्या पगाराची तक्रार 'आपसात मिटवा' म्हणून परत पाठवू नये, ती नियमाच्या वाटेनेच जावी. सगळेच वाद नव्या मांडणीने सुटत नाहीत, हे फॉलेटबाईंनीही मान्य केलं होतं.

त्या कारखान्यात ट्रक सातला 400 नग घेऊन निघतो. उरलेल्या 800 वरचं पिवळं लेबल मात्र निघत नाही. ते नग शनिवारी तपासायचे, नापास वेगळे काढायचे, आणि धार लावलेलं ड्रिल मशीनवर चढवलं की पहिला नग क्वालिटीकडे दाखवूनच पुढचं काम सुरू करायचं, असं दोघांच्या सहीने रजिस्टरमध्ये लिहिलं जातं.