कार्ट भरली, ऑर्डर कुठे अडली?

कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणारं एक दुकान घेऊ. दुकान कल्पित आहे आणि आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून धरलेले आहेत. महिन्याभरात वेबसाइटवर २०,००० जण आले. त्यांतल्या ९,००० जणांनी एखादी तरी चप्पल उघडून पाहिली, १,४०० जणांनी ती कार्टमध्ये टाकली, ८०० जण चेकआउटच्या पानावर गेले आणि ४८० जणांची ऑर्डर पूर्ण झाली. हे पाच आकडे एकाखाली एक मांडून प्रत्येकासाठी त्याच्या प्रमाणात आडवी पट्टी काढली, की फनेल चार्ट तयार होतो. वर रुंद, खाली निमुळता.

काढायला तो अवघड नाही. एक्सेलच्या २०१९ पासूनच्या आवृत्त्यांत तो तयार मिळतो. एका रांगेत टप्प्यांची नावं, शेजारी आकडे, मग `Insert` मधून `Funnel`. तिसऱ्या रांगेत `=B3/B2` हे सूत्र लिहून खाली ओढलं, की प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्यातले किती टक्के टिकले ते कळतं. आपल्या दुकानात ते अनुक्रमे ४५, १५.६, ५७.१ आणि ६० टक्के आहेत. ही रांग हवीच, कारण नुसत्या पट्ट्यांवर विसंबता येत नाही. वरची पट्टी २० सेंटिमीटर काढली तर ४८० ऑर्डरींची पट्टी जेमतेम अर्धा सेंटिमीटर भरते, आणि दुकानाचे पैसे तर तिथेच असतात. म्हणून कार्टपासून पुढचा भाग वेगळ्या चार्टमध्ये मोठा करून पाहणं बरं.

खरी मेहनत असते ती आकडे गोळा करण्यात. गूगल ॲनालिटिक्समध्ये या टप्प्यांना ठरलेली नावं आहेत: `view_item`, `add_to_cart`, `begin_checkout`, `purchase`. सराव करायचा असेल तर गूगलने स्वतःच्या मर्चंडाइझ स्टोअरची नोव्हेंबर २०२० ते जानेवारी २०२१ या तीन महिन्यांची माहिती, ओळख पुसून, सर्वांसाठी खुली ठेवली आहे. मोजताना पहिला प्रश्न असा, की मोजायचं काय? माणसं, भेटी की क्लिक? एकाच बाईंनी तीन चपला कार्टमध्ये टाकल्या तर क्लिक तीन होतात, ग्राहक मात्र एकच. वरच्या पट्टीत माणसं आणि खालच्या पट्टीत क्लिक मोजले, तर चार्ट दिसायला ठीक दिसेल, पण निष्कर्ष चुकेल.

दुसरी गोष्ट क्रमाची. बऱ्याच दुकानांत ‘आत्ता खरेदी करा’ असं बटण असतं. ते दाबणारा ग्राहक कार्टला वळसा घालून थेट चेकआउटवर पोचतो. प्रत्येक टप्प्याची बेरीज स्वतंत्रपणे घेतली, तर कधी खालची पट्टी वरच्या पट्टीपेक्षा रुंद निघते. तसं दिसलं की समजावं, माणसं दुसऱ्या वाटेनं आत येताहेत. उलट, पहिल्यापासून क्रमानं आलेल्यांनाच मोजणारा ‘बंद’ फनेल घेतला, तर हे थेट येणारे ग्राहक पूर्ण गळतात आणि विक्री प्रत्यक्षाहून कमी दिसते. अशांसाठी वेगळा फनेल काढणंच उत्तम. आपल्या दुकानात असं बटण नाही, त्यामुळे एकाच फनेलवर काम भागतं.

आता गळती वाचू. सर्वांत मोठी घट चप्पल पाहणं आणि कार्टमध्ये टाकणं यांच्यात आहे. १०० पैकी ८४ जण तिथून परत गेले. दुकानदाराची पहिली धाव साहजिकच तिकडे जाते. पण पाहणाऱ्यांत नुसता भाव विचारणारे, मैत्रिणीनं पाठवलेली लिंक उघडणारे, लग्न दोन महिन्यांवर असलेले, असे सगळेच येतात. चेकआउटवर पोचलेल्यानं मात्र माप निवडलेलं असतं, पत्ता द्यायची तयारी केलेली असते. तिथून ३२० जण परत जाणं जास्त गंभीर आहे.

या ८०० जणांची विभागणी केली की चित्र स्पष्ट होतं. संगणकावरून आलेल्या १६० पैकी १२८ जणांनी, म्हणजे ८० टक्क्यांनी, खरेदी पूर्ण केली. मोबाइलवरून आलेल्या ६४० पैकी ३५२ जणांनी, म्हणजे ५५ टक्क्यांनी. ६० टक्क्यांच्या सरासरीखाली एवढा फरक झाकलेला होता. मोबाइलवालेही ८० टक्के टिकते, तर ५१२ ऑर्डरी झाल्या असत्या. फरक १६० ऑर्डरींचा.

पण हे १६० ग्राहक खरंच गेले का? इथे पेमेंट गेटवेचा हिशेब समोर ठेवावा लागतो. मोबाइलवर यूपीआयनं पैसे देताना माणूस ब्राउझरमधून दुसऱ्या ॲपमध्ये जातो, पिन टाकतो, ‘यशस्वी’ दिसलं की फोन ठेवून देतो. दुकानाच्या ‘धन्यवाद’ पानावर तो परततच नाही, आणि `purchase` ची नोंद त्याच पानावर होत असेल तर ती कधीच होत नाही. ऑर्डर क्रमांक एकेक करून जुळवल्यावर या दुकानात अशा ५० ऑर्डरी सापडल्या असं धरू. पैसे आले, चपला रवाना झाल्या, फक्त चार्टला पत्ता नाही. म्हणजे मोबाइलच्या खऱ्या ऑर्डरी ४०२ आणि उरलेली तफावत ११०. नोंद पानावर न ठेवता गेटवेकडून सर्व्हरला येणाऱ्या संदेशावर ठेवली, की ही खोट निघते.

उरलेल्या ११० साठी मधे दोन टप्पे घालू: पत्ता भरला, `add_shipping_info`, आणि पेमेंटचा प्रकार निवडला, `add_payment_info`. मोबाइलवर ६४० पैकी ६०० जणांनी पत्ता भरला, पण पेमेंटपर्यंत ४३० च पोचले. फॉर्म लोकांना जड जात नव्हता. घट त्यानंतरची होती. मग फोन हातात घेऊन स्वतः ऑर्डर करून पाहायचं. संगणकाच्या रुंद पडद्यावर बिल पहिल्यापासून शेजारी दिसतं. मोबाइलवर ते घडी घालून ठेवलेलं असतं आणि पाठवणीचे ९० रुपये पत्ता भरल्यानंतरच समोर येतात. संशय घ्यायला एवढं पुरेसं आहे. सिद्ध करायला नाही, कारण फोनवर चेकआउटपर्यंत जाऊन रात्री लॅपटॉपवरून ऑर्डर करणारा एकच माणूस लॉगिन केलं नसेल तर दोन म्हणून मोजला जातो: मोबाइलवर गळालेला आणि संगणकावर टिकलेला.

गळती कुठे आहे ते चार्ट दाखवतो. का आहे, ते माणसांकडे पाहूनच कळतं. वापरसुलभतेचे अभ्यासक जॅरेड स्पूल यांनी २००९ मध्ये लिहिलेली एका मोठ्या अमेरिकी दुकानाची हकिकत याच जातीची आहे. तिथे पैसे देण्याआधी खातं उघडण्याची सक्ती होती. ग्राहकांना प्रत्यक्ष खरेदी करायला बसवून पाहिल्यावर कळलं, की नव्यांना खातं नको होतं आणि जुन्यांना पासवर्ड आठवत नव्हता. सक्ती काढली, ‘नोंदणी करा’च्या जागी ‘पुढे चला’ आलं आणि खरेदी करणारे ४५ टक्क्यांनी वाढले.

चपलांच्या दुकानात करायचा बदल त्याहून लहान आहे: पाठवणीचे ९० रुपये चपलेच्या पानावरच, किमतीखाली लिहायचे. त्यानंतर पाहायचं ते एकाच ठिकाणी, मोबाइलवर पत्ता भरलेल्यांपैकी पेमेंटपर्यंत किती पोचतात तिथे. त्याच वेळी कार्टमध्ये टाकणाऱ्यांची संख्या थोडी घटू शकते, कारण ९० रुपये न परवडणारा आता आधीच परत जाईल. म्हणून एकूण ऑर्डरी, गेटवेशी जुळवलेल्या, सोबत तपासायच्या. आणि कॅश ऑन डिलिव्हरी चालू असेल तर आणखी एक पट्टी खाली जोडायची: दारात पोचून ग्राहकानं प्रत्यक्ष स्वीकारलेल्या ऑर्डरींची.