एलएमव्ही म्हणजे ‘बी’ नव्हे

इटलीत नोकरीला किंवा शिकायला निघालेल्या मंडळींचा एक ठाम समज असतो. आपलं लायसन्स इटालियनमध्ये भाषांतर करून घ्यायचं, तिथल्या वाहतूक कार्यालयात द्यायचं आणि बदल्यात इटालियन लायसन्स घ्यायचं. यातलं पहिलं काम होतं, दुसरं होत नाही. ज्या देशांशी इटलीचा परस्पर करार आहे, त्यांचीच लायसन्स तिथे बदलून मिळतात. जपान, मोरोक्को आणि तुर्कस्तान त्या यादीत आहेत, मार्च 2023 पासून ब्रिटनही आहे. भारत नाही.

मग भाषांतर कशाला? कारण इटलीत रहिवासी नोंद झाल्यापासून एक वर्ष आपल्या लायसन्सवर गाडी चालवता येते. मात्र सोबत आंतरराष्ट्रीय परवाना किंवा अधिकृत इटालियन भाषांतर असावं लागतं. नुसतं कुणाकडून तरी करून घेतलेलं भाषांतर चालत नाही. भाषांतरकाराला कोर्टाच्या कार्यालयात जाऊन, मूळ मजकुराशी आपण इमान राखलं आहे अशी शपथ घेऊन सही करावी लागते. त्यावर 16 युरोंचं मुद्रांक तिकीट लागतं.

आता एक कार्ड समोर धरू. पुण्याच्या आरटीओने दिलेलं, वाहनप्रकारांत दोन नोंदी: एमसीडब्ल्यूजी आणि एलएमव्ही. पहिली गिअरच्या मोटरसायकलची, दुसरी हलक्या मोटारीची. इटालियन लायसन्सवर मात्र ए, बी, सी अशी अक्षरं असतात. घाईतला भाषांतरकार एलएमव्हीच्या जागी सरळ ‘बी’ लिहून मोकळा होतो. कार्ड नीटनेटकं दिसतं, पण ते भाषांतर चुकीचं असतं.

आपल्या मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाची मर्यादा 7500 किलोपर्यंत जाते. इटलीत ‘बी’ची मर्यादा 3500 किलो आणि चालक धरून नऊ आसनं. त्याच्या वरच्या, 7500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांसाठी तिथे ‘सी-वन’ नावाचा वेगळा वर्ग आहे. म्हणजे आपली एक नोंद तिकडच्या दोन वर्गांवर पसरते. दुचाकीत याहून गुंता आहे. आपल्याकडे गिअरच्या मोटरसायकलचं लायसन्स मिळालं की शंभर सीसीच्या गाडीपासून बुलेटपर्यंत सगळं चालतं. तिकडे इंजिनाच्या ताकदीनुसार तीन पायऱ्या आहेत: ‘ए-वन’ 125 सीसी आणि 11 किलोवॅटपर्यंत, ‘ए-टू’ 35 किलोवॅटपर्यंत, आणि मग पूर्ण ‘ए’. आपल्या कार्डावर किलोवॅटचा उल्लेखच नसतो, त्यामुळे यांतलं कुठलंही अक्षर लिहिणं हा अंदाज ठरतो.

म्हणून जाणता भाषांतरकार मूळ संक्षेप तसाच ठेवतो आणि पुढे त्याचा अर्थ इटालियनमध्ये लिहितो, ‘हलकी मोटार वाहने’ इतकंच. अक्षर ठरवणं त्याचं काम नाही. आपल्या हातातलं भाषांतर असंच आहे का, हे इटालियन न येताही तपासता येतं. मूळ संक्षेप गायब होऊन नुसतं एक अक्षर उरलं असेल तर ते परत करा.

दुसरी जागा नावाची. आपल्या कार्डावर नाव, वडिलांचं नाव, आडनाव एका ओळीत असतं. पासपोर्टवर बहुधा पहिली दोन ‘दिलेली नावे’ म्हणून एकत्र येतात, आणि इटालियन कागदपत्रं पासपोर्टवरून बनतात. कार्डावर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर असेल, तर पोलिसाला ती दोन वेगळी माणसं वाटू शकतात. भाषांतरकार मूळ कागदात फेरफार करू शकत नाही, त्यामुळे ही दुरुस्ती निघण्यापूर्वी आरटीओतच करून घ्यावी.

वर्ष संपलं की ते भाषांतर निरुपयोगी होतं. मग सगळ्यांसारखी परीक्षा: 30 विधानं, खरं की खोटं, 20 मिनिटांत, आणि तीनपेक्षा जास्त चुका झाल्या की नापास. प्रश्न इटालियनमध्ये असतात. जर्मन आणि फ्रेंचची सोय आहे, इंग्रजीची नाही. पंधरा वर्षं मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर गाडी मारलेली असली, तरी पास झाल्यावर तुम्ही नवशिके चालकच. तीन वर्षं महामार्गावर ताशी 100 किलोमीटरची मर्यादा, आणि दारूचा एक थेंबही वर्ज्य. हे अन्यायाचं वाटतं, पण नियम असा आहे.

शेजारी स्वित्झर्लंडच्या इटालियनभाषक तिचिनोत गोष्ट निराळी आहे. तिथे भारतीय लायसन्स बदलून मिळतं, पण अधिकाऱ्याला शेजारी बसवून गाडी चालवून दाखवावी लागते, आणि ती चाचणी चुकली तर पुन्हा देता येत नाही.

इटलीला जाणाऱ्यांनी करारांची ताजी यादी तिथल्या परिवहन मंत्रालयाकडे पाहून घ्यावी, आणि भारत त्यात नसेल तर रहिवासी नोंद झाली त्याच महिन्यात इटालियनमधलं प्रश्नांचं पुस्तक विकत घ्यावं.