दोन लिप्यांचे मेनूकार्ड आणि छपाईची फाइल

डावीकडे पदार्थाचे मराठी नाव, त्याखाली बारीक अक्षरांत इंग्रजी नाव, उजवीकडे भाव. हॉटेलच्या मेनूकार्डात याहून फारसे काही नसते. तरीही छापून आलेल्या गठ्ठ्यात ‘मिसळ’मधली वेलांटी ‘म’च्या उजवीकडे सरकलेली दिसते, जोडाक्षरे सुटी होऊन पाय मोडलेली दिसतात. मालकाने पडद्यावर पाहिले तेव्हा सगळे ठीक होते. बिघाड होतो तो फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना, आणि त्याचे मूळ बहुतेक वेळा फॉन्टमध्ये असते.

अनेक डीटीपीवाले आजही कोरलड्रॉमध्ये श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने फॉन्ट वापरतात. या फॉन्टांत देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. संगणकाच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच. म्हणून इंग्रजी नावांचा फॉन्ट बदलताना चुकून सगळे पान निवडले गेले, तर मराठी रकान्यात इंग्रजी चिन्हांचा कचरा उमटतो. उलट, मालकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली पदार्थांची यादी युनिकोडमध्ये असते. ती या जुन्या फॉन्टात उतरत नाही, मग डीटीपीवाला ती नव्याने टाइप करतो आणि तिथे शुद्धलेखनाच्या चुका शिरतात. द्विभाषिक कार्डासाठी युनिकोड फॉन्टच घ्यावा. ‘मुक्त’ हा मुंबईच्या एक टाइपचा फॉन्ट मोफत मिळतो आणि त्यात देवनागरी व रोमन अक्षरे एकाच वळणाची आहेत.

फॉन्ट बरोबर असूनही वेलांटी सरकली, तर दोष मांडणीच्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगचा असतो. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी ‘World-Ready Paragraph Composer’ निवडलेला नसेल, तर अक्षरे जोडली न जाता ओळीने एकामागून एक मांडली जातात. हे ओळखायला ‘मिसळ’, ‘चिकन’ आणि ‘पुऱ्या’ हे तीन शब्द पुरेसे आहेत. त्यातला ‘पुऱ्या’ सर्वांत कसोटीचा. त्यातला र रफार होऊन ‘या’च्या डोक्यावर बसला, तर टाइप करताना साधा ‘र’ घेतलेला असतो. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह J दाबून मिळणारा ‘ऱ’ घेतला की शब्द नीट उमटतो.

समजा, ए-फोर आकाराचे, दोन्ही बाजूंनी छापलेले कार्ड करायचे आहे. मराठी नाव १४ पॉइंट आणि इंग्रजी १० पॉइंट ठेवून सुरुवात करावी. मराठीच्या ओळीला मात्र २० पॉइंटची जागा लागते, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. भाव मात्र दोनदा छापू नये. दोन लिप्यांत दोन आकडे दिले, तर दरवाढीच्या वेळी एक बदलतो आणि एक राहतो. मराठी न वाचणाऱ्या गिऱ्हाइकाला आपला चार इंग्रजी आठसारखा भासतो आणि १४० रुपयांची थाळी १८० ची वाटते. द्विभाषिक कार्डावर भावाला इंग्रजी आकडेच सोयीचे.

रुपयाचे ₹ हे चिन्ह २०१० मध्ये आले. त्याआधीच्या फॉन्टांत ते नाही, तिथे रिकामा चौकोन छापला जातो. प्रत्येक भावापुढे चिन्ह देण्याऐवजी रकान्याच्या वर एकदा ‘रु.’ लिहिले तरी भागते.

आता छपाईची प्रत. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. कापण्यासाठी चारही बाजूंनी रंग ३ मिलिमीटर बाहेर न्यावा लागतो, म्हणून फाइल २१६ बाय ३०३ ची होते. भावाचा रकाना उजव्या कडेला असल्याने तो कापाच्या रेषेपासून किमान १० मिलिमीटर आत हवा, कारण कटिंग थोडे सरकले तरी शेवटचे शून्य उडते. मजकूर शंभर टक्के काळ्या शाईचा एकट्या रंगात ठेवावा. काळा रंग चार शायांचा बनवला आणि एक प्लेट केसभर हलली, तर बारीक शिरोरेषेला रंगीत सावली येते.

पीडीएफ उघडून ‘Document Properties’मधल्या ‘Fonts’ यादीत प्रत्येक फॉन्टपुढे ‘Embedded Subset’ लिहिलेले आहे का, हे पाहावे. तेवढ्यानेही धोका पूर्ण टळत नाही. छापखान्यात तीच पीडीएफ कोरलड्रॉमध्ये उघडली की मजकूर पुन्हा नव्याने मांडला जातो आणि मराठी तुटते. म्हणून छापखान्याला दिल्या जाणाऱ्या प्रतीतला मजकूर कर्व्ह करतात, म्हणजे अक्षरांची चित्रे करतात. ती कुठेही उघडली तरी हलत नाहीत.

पण कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये १४० चे १५० टाइप करून करता येत नाही, आणि तेलाचा भाव वाढला की मेनूचेही भाव बदलतात. तेव्हा डीटीपीवाल्याचे पैसे चुकते करण्याआधी हॉटेलमालकांनी त्याच्याकडून तीन गोष्टी मागून घ्याव्यात: कर्व्ह केलेली पीडीएफ, कर्व्ह न केलेली मूळ फाइल आणि वापरलेल्या फॉन्टांची नावे.