आधी चित्र, मग लिमिट्स

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाचं गणित रंगात आलं की ओळखीतल्या गणितवाल्या माणसाच्या फोनवर फोटो येऊ लागतात. वहीचं तिरकं पान, त्यावर ट्यूबलाइटची चमक, कोपऱ्यात अंगठा आणि खाली एक ओळ: ‘काका, हे कसं करायचं?’ या फोटोंमध्ये एक प्रकार हमखास असतो. डबल इंटिग्रल दिलेलं असतं आणि इंटिग्रेशनचा क्रम बदलून उत्तर काढा, असं सांगितलेलं असतं. त्यातलं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण हे:

∫₀¹ ∫ₓ¹ e^(y²) dy dx

फोटोत पहिली अडचण वाचण्याचीच येते. e च्या डोक्यावरचं ते बारीक अक्षर y² आहे की 2y? कागदावर दोघांत केसाएवढा फरक, पण गणित पार वेगळं. इथे थोडा तर्क चालवता येतो. ते e^(2y) असेल, तर दिलेल्या क्रमानेच गणित दोन ओळींत सुटतं आणि क्रम बदलायला सांगण्याचं काही कारण उरत नाही. e^(y²) असेल, तर मात्र पहिल्याच पायरीला गाडी अडते. y² चं e हे फंक्शन दिसायला साधं, पण ज्याचं डेरिव्हेटिव्ह e^(y²) येईल असं कुठलंही नेहमीच्या फंक्शन्सचं सूत्र अस्तित्वातच नाही. हे आपल्याला जमत नाही म्हणून नव्हे; असं सूत्र असूच शकत नाही हे फ्रेंच गणिती जोसेफ लिऊव्हिल यांच्या 1830च्या दशकातल्या कामातून सिद्ध होतं. तेव्हा प्रश्नात ‘क्रम बदला’ लिहिलेलं असेल, तर तो आकडा बहुधा y² च आहे.

आता हे डबल इंटिग्रल म्हणजे काय? कापसाचं एक शेत डोळ्यांपुढे आणा. शेताचा आकार ठरलेला आहे, पण पीक सगळीकडे सारखं नाही. कुठे दाट, कुठे विरळ. आपल्याला एकूण कापूस हवा आहे. कोणी उत्तर-दक्षिण ओळींनी वेचत जाईल, कोणी पूर्व-पश्चिम. ओळीओळीचा हिशोब वेगळा येईल, एकूण वजन तेच. आपल्या गणितात e^(y²) हे त्या-त्या जागचं पीक सांगतं आणि लिमिट्स शेताचं कुंपण सांगतात. क्रम बदलायचा म्हणजे वेचणीची दिशा बदलायची. कुंपण जागचं हलत नाही.

म्हणूनच पेन हातात घेतल्यावर पहिलं काम कुंपण काढण्याचं. लिमिट्स बाहेरून आत वाचायच्या. बाहेरची सांगते की x हा 0 पासून 1 पर्यंत जातो. आतली सांगते की अशा प्रत्येक x ला y हा x पासून सुरू होऊन 1 ला थांबतो. म्हणजे चार रेषा काढायच्या: x = 0, x = 1, y = x आणि y = 1. चार रेषा म्हटल्यावर चौकोन येईल असं वाटतं, पण येतो त्रिकोण, कारण x = 1 ही रेषा या आकृतीला फक्त एका टोकाला शिवते. त्रिकोणाचे कोपरे (0, 0), (0, 1) आणि (1, 1).

बरीच मुलं इथेच चुकतात. y = x ही तिरकी रेषा चौकोनाचे दोन त्रिकोण करते, आणि हात सवयीने खालचा त्रिकोण रंगवतो, x अक्षावर बसलेला. पारखायला एक बिंदू पुरतो. x = 0.5 घ्या. लिमिट म्हणते, y इथे 0.5 पासून 1 पर्यंत. म्हणजे (0.5, 0.8) आत आणि (0.5, 0.2) बाहेर. आपला त्रिकोण तिरक्या रेषेच्या वरचा आहे.

दिलेल्या क्रमात आपण या त्रिकोणात उभी पट्टी घेत होतो, तिरक्या रेषेवर सुरू होऊन y = 1 ला टेकणारी. आता आडवी पट्टी काढा. कुठल्याही y ला डावीकडून आत शिरताना ती x = 0 ला शिरते आणि उजवीकडे तिरक्या रेषेवर, म्हणजे x = y ला, बाहेर पडते. अशा पट्ट्या तळापासून माथ्यापर्यंत, y = 0 पासून 1 पर्यंत रचायच्या. नवी मांडणी अशी:

∫₀¹ ∫₀ʸ e^(y²) dx dy

नव्या लिमिट्स जुन्यांकडे बघून येत नाहीत, त्या चित्रावरूनच वाचाव्या लागतात. चित्र न काढता जुन्या लिमिट्स नुसत्या उचलून जागा बदलून ठेवल्या, तर x पासून 1 ही लिमिट बाहेर येते आणि शेवटच्या उत्तरात x उरतो. डबल इंटिग्रलचं उत्तर हा एक आकडा असतो. त्यात x किंवा y दिसला की पुढचं तपासायचंही कारण नाही, लिमिट्स चुकलेल्या आहेत.

आता सोडवू. आतलं इंटिग्रेशन x चं आहे, आणि x च्या नजरेत e^(y²) हा स्थिर आकडा. त्याला पट्टीच्या रुंदीने गुणलं की झालं. रुंदी आहे y. म्हणजे उरलं y·e^(y²) चं 0 ते 1 इंटिग्रेशन. मघाशी अडलेलं गणित इथे सुटतं, कारण y² चं डेरिव्हेटिव्ह 2y, आणि तो y आता हजर आहे. उत्तर (e − 1)/2, म्हणजे सुमारे 0.859. चटकन पडताळायचं तर असं: त्रिकोणाचं क्षेत्रफळ 0.5, आणि e^(y²) ची किंमत त्यात 1 आणि 2.718 यांच्या मध्येच राहते. तेव्हा उत्तर 0.5 आणि 1.36 यांच्या मध्ये यायला हवं. आलं आहे.

मला या गणितात सगळ्यांत आवडते ती त्या y ची गोष्ट. मूळ प्रश्नात तो कुठेच नव्हता. तो त्रिकोणाच्या आकाराने दिला. त्रिकोण वर जाताना रुंद होत जातो आणि y उंचीवर त्याची रुंदी नेमकी y असते. शेत चौकोनी असतं, तर प्रत्येक पट्टीची रुंदी 1 आली असती, e^(y²) तसाच एकटा राहिला असता आणि क्रम बदलून काडीचाही फायदा झाला नसता. चुकून खालचा त्रिकोण रंगवला, तर रुंदी 1 − y येते. त्यातला y चा भाग सुटतो, पण 1 चा भाग पुन्हा त्याच न सुटणाऱ्या e^(y²) पाशी आणून सोडतो. म्हणून क्रम बदलूनही गणित अडलं, तर आधी चित्राकडे परत जावं. पुष्कळदा चुकीचा त्रिकोण रंगवलेला सापडतो.

दुसरा फोटो जरा वेगळ्या जातीचा असतो. आत लिहिलेलं असतं xy, आतल्या लिमिट्स x² पासून 2 − x, बाहेरच्या 0 पासून 1. काही पुस्तकांत याच्या शेवटी dx dy छापलेलं असतं, आणि विद्यार्थी गोंधळतो, कारण मग आतल्या लिमिट्स x च्या ठरतात. पण x च्या लिमिटमध्ये x कसा येईल? ज्या लिमिटमध्ये x आहे, ती y चीच असणार. शेवटच्या dx dy पेक्षा लिमिट्सचा शब्द जास्त भरवशाचा. फोटोत तो भाग कापला गेला असेल, तरी यावरून काम भागतं.

चित्र काढा. खाली y = x² हा पॅराबोला, वर y = 2 − x ही उतरती रेषा, डावीकडे y अक्ष. रेषा आणि पॅराबोला (1, 1) ला भेटतात. ते (−2, 4) लाही भेटतात, पण आपला x 0 च्या डावीकडे जात नाही. आता आडवी पट्टी सरकवत वर न्या. y = 1 पर्यंत तिचं उजवं टोक पॅराबोलावर असतं, x = √y. त्याच्या वर गेलं की टोक रेषेवर येतं, x = 2 − y. कुंपण बदललं की हिशोबही तिथेच तोडायचा. म्हणजे एकाचे दोन इंटिग्रल होतात: y हा 0 ते 1 असताना x हा 0 ते √y, आणि y हा 1 ते 2 असताना x हा 0 ते 2 − y. पहिल्याचं उत्तर 1/6, दुसऱ्याचं 5/24, बेरीज 3/8.

हे तुकडे न करता y सरळ 0 ते 2 आणि x 0 ते √y लिहून मोकळं होणं, ही इथली ठरलेली चूक. त्यात रेषेपलीकडची जमीनही आत येते. ती पकडायला एक सोपा उपाय आहे. xy च्या जागी नुसता 1 ठेवा, म्हणजे क्षेत्रफळ मिळेल, आणि ते दोन्ही क्रमांनी काढा. जुन्या लिमिट्सनी 7/6 येतं. दोन तुकड्यांनी 2/3 अधिक 1/2, म्हणजे तेच. चुकीच्या एका तुकड्याने जवळपास 1.89 येतं. खरं सांगायचं तर या गणितात क्रम बदलायची गरजच नाही. दिलेल्या क्रमाने 3/8 कमी कष्टात येतं. परीक्षकाला फक्त तुम्ही चित्र काढता का, ते बघायचं असतं.

एकूण वजन दिशेवर अवलंबून नाही, हे मी वर बिनदिक्कत म्हटलं, पण त्याला अट आहे. इटालियन गणिती गुइदो फुबिनी यांचा 1907चा सिद्धांत याबद्दलच आहे. अट मोडली की काय होतं ते (x² − y²)/(x² + y²)² या फंक्शनवर दिसतं. x आणि y दोन्ही 0 ते 1 घ्या. आधी y चं इंटिग्रेशन केलं तर उत्तर π/4, आधी x चं केलं तर −π/4. दोन्ही हिशोब बिनचूक. भानगड (0, 0) या कोपऱ्यात आहे: तिथे फंक्शन एका बाजूने बेसुमार धन आणि दुसऱ्या बाजूने बेसुमार ऋण होतं. चिन्ह काढून बेरीज केली तर ती अनंत येते, आणि मग कोणाला आधी मोजलं यावर उत्तर ठरतं.

फंक्शन कुठेच ऋण नसेल, तर ही भीती नाही. तोनेल्ली यांनी 1909 मध्ये तेवढी मोकळीक दिली, आणि परीक्षेतल्या आणखी एका नेहमीच्या फोटोला तीच लागते: आत e^(−y)/y, x हा 0 पासून अनंतापर्यंत, y हा x पासून अनंतापर्यंत. तोच वरचा त्रिकोण, फक्त माथा उघडा. आडव्या पट्टीची रुंदी पुन्हा y. तो y छेदातल्या y ला खाऊन टाकतो, उरतो नुसता e^(−y), आणि उत्तर येतं 1.