दिवाळी नोव्हेंबरात गेली की हिशेब का बिघडतो

मिठाई-फरसाणाच्या एखाद्या दुकानात महिन्याची विक्री एका रकान्यात नोंदवलेली असते, पण त्यावरून धंदा वाढला की घटला हे सांगणं दिसतं तितकं सोपं नाही. जूनची तुलना मेशी करून उपयोग नाही, कारण लग्नसराई संपलेली असते. म्हणून बहुतेक जण आर्थिक वर्षाच्या सुरुवातीपासून, म्हणजे एप्रिलपासून आजवरची विक्री घेतात आणि गेल्या वर्षीच्या तेवढ्याच महिन्यांच्या विक्रीसमोर मांडतात. पद्धत चांगली आहे. दिवाळी मात्र इंग्रजी महिना पाळत नाही.

लक्ष्मीपूजन २०२२मध्ये २४ ऑक्टोबरला होतं, तर २०२३मध्ये अधिक श्रावण आल्यामुळे १२ नोव्हेंबरला. आता समजुतीसाठी एक काल्पनिक दुकान घेऊ. त्याची २०२२-२३ची विक्री २८.२ लाख रुपये. पुढच्या वर्षी सप्टेंबरअखेर सहा महिन्यांची विक्री १३.५ लाख झाली. आधीच्या वर्षी ती १२.९ लाख होती, म्हणजे ६० हजारांची वाढ. मालक खूश. ऑक्टोबरात विक्री झाली २.५ लाख आणि गेल्या ऑक्टोबरची होती ४.८ लाख. महिनाअखेरीस सात महिन्यांची तुलना १६ लाख विरुद्ध १७.७ लाख, म्हणजे जवळजवळ दहा टक्के घट! नोव्हेंबरात ५ लाख आले (आधीच्या नोव्हेंबरात २.१ लाख) आणि चित्र पुन्हा पालटलं : २१ लाख विरुद्ध १९.८ लाख, सहा टक्के वाढ. दुकानात काहीच बिघडलं नव्हतं. फक्त सण अठरा-एकोणीस दिवस पुढे गेला होता.

यावर अनेक जण सरकती बारमाही बेरीज सुचवतात. दर महिनाअखेरीस मागच्या बारा महिन्यांची बेरीज करायची. नवा महिना आत येतो, वर्षापूर्वीचा तोच महिना बाहेर पडतो. प्रत्येक बेरजेत उन्हाळा, पावसाळा, लग्नसराई एकेकदाच येते, त्यामुळे ऋतूंचा चढउतार पुसला जातो. एक्सेलमध्ये A रकान्यात महिने, B मध्ये विक्री, आणि एप्रिल २०२२ दुसऱ्या ओळीत असेल, तर मार्च २०२३ तेराव्या ओळीत येतो. तिथे लिहायचं :

```
=SUM(B2:B13)
```

आणि हे सूत्र खाली ओढायचं. आपल्या दुकानात ही बेरीज मार्चला २८.२ लाख, सप्टेंबरला २८.८, ऑक्टोबरला २६.५ आणि नोव्हेंबरला २९.४ लाख येते. म्हणजे इथेही ऑक्टोबरात खड्डा पडलाच! नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या बारा महिन्यांत दिवाळीची खरेदी जवळजवळ आलीच नाही, एक आधीच होऊन गेली आणि दुसरी यायची होती.

यात नवल नाही, कारण दोन्ही पद्धती आतून एकच आहेत. मागच्या पूर्ण वर्षाच्या २८.२ लाखांत एप्रिलपासूनचा फरक मिळवला की सरकती बेरीज मिळते : ऑक्टोबरला १.७ लाख वजा, म्हणून २६.५. नोव्हेंबरला १.२ लाख अधिक, म्हणून २९.४. एकीत दिसणारी घट दुसरीतही दिसणारच. फक्त ती बारा महिन्यांच्या मोठ्या रकमेवर मोजल्यामुळे टक्केवारी लहान वाटते, आणि एप्रिल-मे सारख्या सुरुवातीच्या महिन्यांत उगीच उड्या मारत नाही. या नात्याचा एक रोकडा फायदा आहे. दोन्ही बेरजा वेगवेगळ्या काढून हे समीकरण जुळतं का ते पाहा. जुळलं नाही, तर बहुधा एखादी ओळ गळलेली असते. दुकान महिनाभर बंद असेल तर लोक ती ओळच लिहीत नाहीत, आणि मग सूत्राच्या बारा ओळी प्रत्यक्षात तेरा महिने पसरतात. बंद महिन्यापुढे शून्य लिहायचं, ओळ काढायची नाही. चालू महिन्याच्या दहा दिवसांची विक्रीही या तक्त्यात नको, कारण समोर गेल्या वर्षीचा पूर्ण महिना असतो. हा घोळ मात्र समीकरणाला पकडता येत नाही, ते तरीही जुळतं.

सणाच्या सरकण्यावर उपाय सूत्रात नाही, तक्त्यात आहे. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर जोडून पाहायचे. २०२२मध्ये दोन्हींचे मिळून ६.९ लाख, २०२३मध्ये ७.५ लाख. हीच खरी दिवाळीची वाढ. गणपतीसाठी ऑगस्ट-सप्टेंबर तसेच जोडायचे. २०२२मध्ये चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, २०२३मध्ये १९ सप्टेंबरला.

उलटा प्रकारही होतो आणि तो अधिक फसवा, कारण चांगल्या आकड्याची कोणी चौकशी करत नाही. २०२४चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं, म्हणजे बरीचशी खरेदी ऑक्टोबरातच उरकली. नोव्हेंबर २०२३ ते ऑक्टोबर २०२४ या बेरजेत त्यामुळे दोन दिवाळ्या मावल्या. त्या महिन्यातला कागद बघून कोणी माल वाढवला किंवा दुसरी शाखा काढली असेल, तर त्याने एका वर्षाची नव्हे, दोन सणांची विक्री धरली. २०२५ची दिवाळी ऑक्टोबरात झाली, २०२६चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. ऑक्टोबर २०२६चा हिशेब महिनाअखेरीस बंद करताना ती घसरण पुन्हा दिसेल.