एजन्सीची फी नेमकी कशावर?

येवल्याचा एखादा पैठणी विक्रेता ऑनलाइन विक्रीसाठी जाहिरात एजन्सी नेमतो, असं समजा. गूगल आणि इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातींवर तो महिन्याला 2 लाख खर्च करतो, त्यातून 6 लाखांची विक्री होते. एजन्सी तीन पर्याय देते: दरमहा ठरलेले 30 हजार, जाहिरात खर्चाच्या 15 टक्के, किंवा विक्रीच्या 5 टक्के. आज तिन्ही आकडे 30 हजारच येतात. फरक पुढे पडतो.

ठरावीक मासिक फीत हिशेब सोपा असतो. पण काम कमी केलं तरी पैसे तेवढेच मिळतात, म्हणून चार-सहा महिन्यांनी अनुभवी माणूस नव्या ग्राहकाकडे जातो आणि आपलं खातं शिकाऊ मुलाकडे येतं. गूगल अ‍ॅड्सच्या खात्यात Change history उघडली की कोणत्या तारखेला काय बदल केले ते दिसतं. तिथे महिनाभर शुकशुकाट असेल तर जाब विचारावा.

टक्केवारीची पद्धत वर्तमानपत्रांच्या काळापासूनची. तेव्हाही 15 टक्के कमिशन रूढ होतं. तिचा धोका मला सर्वांत मोठा वाटतो, कारण खर्च वाढवण्याचा सल्ला देणाऱ्याचीच फी त्यातून वाढते. दिवाळीत खर्च 4 लाखांवर नेला आणि विक्री 9 लाख झाली, तर विक्रेता खूश होईल. पण साडीमागे 40 टक्के सुटत असतील तर जादा 3 लाखांच्या विक्रीतून हाती आले 1 लाख 20 हजार. त्यासाठी जादा गेले जाहिरातीचे 2 लाख आणि फीचे 30 हजार. म्हणजे 1 लाख 10 हजारांची खोट, आणि एजन्सीची कमाई मात्र दुप्पट.

मग विक्रीवरची फी बरी? इथे प्रश्न असा की विक्री कोणामुळे झाली. दुकानाचं नाव गूगलवर टाइप करणारं गिऱ्हाईक बहुतेक वेळा तसंही आलंच असतं. त्या नावावरच जाहिरात लावली की ती विक्री एजन्सीच्या खात्यात जमा होते. कॅश ऑन डिलिव्हरीची परत आलेली साडीही ऑर्डर म्हणून मोजली जाते. खात्री करायची तर दुकानाच्या नावावरची जाहिरात दोन आठवडे एका शहरात बंद ठेवावी आणि तिथली एकूण विक्री घटते का ते पाहावं. एजन्सीलाही यात जोखीम आहेच: माल संपला किंवा वेबसाइट बंद पडली तर तिची मेहनत फुकट जाते.

म्हणून छोट्या व्यावसायिकाने कामापुरती ठरावीक फी द्यावी आणि वर नव्या ग्राहकांच्या, परत न आलेल्या विक्रीवर छोटा हिस्सा ठेवावा. जाहिरात खर्चाची कमाल मर्यादा करारात लिहावी. आणि जाहिरातीचं खातं पहिल्या दिवसापासून स्वतःच्याच नावावर ठेवा. नाहीतर एजन्सी बदलताना आजवरची सगळी माहिती तिच्याकडेच राहते.